नमुन्याचे वजन बदलले की पाण्याची टक्केवारी का बदलते? कार्ल फिशर टायट्रेशनमधील एका दोषाचा माग

एकाच बाटलीतील, नीट ढवळून एकजीव केलेल्या पावडरीचा नमुना घ्यावा, त्याच दिवशी, त्याच उपकरणावर आणि त्याच रिएजंटने त्यातील पाणी मोजावे, आणि तरीही १०० मिलिग्रॅम घेतल्यावर उत्तर १.०१ टक्के, तर ६०० मिलिग्रॅम घेतल्यावर ०.८३ टक्के यावे, ही तक्रार कार्ल फिशर टायट्रेशन करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी अनुभवलेली असते. आमच्या प्रयोगशाळेत ती एका महिन्यात तीनदा आली आणि तिन्ही वेळा रिएजंट मंदावले असे समजून नवी बाटली लावण्यात आली. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरे गेले असे वाटले आणि मग तक्रार परत आली. दोष बाटलीत नव्हता. तो कुठे होता आणि कसा सापडला हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण आकडे योग्य क्रमाने मांडले तर हा दोष अर्ध्या दिवसात हाती लागतो.

प्रथम हिशोब समोर ठेवू. आयोडीनयुक्त रिएजंट ब्युरेटमधून मेथॅनॉलमध्ये सोडले जाते. मेथॅनॉल, सल्फर डायऑक्साइड आणि इमिडाझोलसारखा आम्लारी यांच्या उपस्थितीत आयोडीनचा एक रेणू पाण्याचा एक रेणू खर्च करतो. पाणी संपले की आयोडीन थोडे शिल्लक राहते, प्लॅटिनमच्या दुहेरी इलेक्ट्रोडवरील विभव एकदम खाली येते आणि उपकरण थांबते. एक मिलिलिटर रिएजंट किती मिलिग्रॅम पाणी खर्च करते, त्या आकड्याला आपण फॅक्टर म्हणतो. मग गणित एवढेच उरते:

```
पाणी (%) = V × F × १०० ÷ W

V : खर्च झालेले रिएजंट, मिलिलिटर
F : फॅक्टर, मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर
W : नमुन्याचे वजन, मिलिग्रॅम
```

या सूत्रात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते सूत्र पाहून लक्षात येत नाही. V मधील प्रत्येक थेंब नमुन्यातील पाण्यासाठीच खर्च झाला, असे सूत्र मानते. प्रत्यक्षात ब्युरेट काहीही भेद करत नाही. झाकण उघडताना आत शिरलेल्या दमट हवेतील पाणी, सुई टोचण्यासाठी पात्रावर बसवलेल्या रबरी पडद्याच्या, म्हणजे सेप्टमच्या, भोकातून सतत झिरपणारी वाफ आणि नमुन्यातील पाणी हे सारे तिच्या दृष्टीने एकच असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा नमुन्याच्या वजनाशी काहीही संबंध नाही. नमुना शंभर मिलिग्रॅमचा असो वा सहाशेचा, ते आगंतुक पाणी जवळपास तेवढेच असते. म्हणून ते लहान वजनावर मोठे दिसते आणि मोठ्या वजनावर झाकले जाते. फॅक्टर चुकीचा असेल तर असे घडत नाही. मग सर्व वजनांची उत्तरे एकाच प्रमाणात वर किंवा खाली सरकतात. आमच्याकडे तीनदा बाटली बदलली गेली, कारण हा फरक कोणी लक्षात घेतला नव्हता.

म्हणून निदानाची पहिली पायरी म्हणजे बाटली बदलणे नव्हे, तर तोच नमुना निदान चार वेगवेगळ्या वजनांनी मोजणे. वजने एकमेकांपासून पुरेशी दूर असावीत, सर्वात मोठे वजन सर्वात लहान वजनाच्या पाच-सहा पट असावे आणि क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवावा. क्रम चढता ठेवला, तर दिवसभरात हळूहळू बदलणारी एखादी गोष्ट आणि वजनाचा परिणाम यांची सरमिसळ होते. आम्ही मेथॅनॉलमध्ये पूर्ण विरघळणारी एक पावडर घेतली. फॅक्टर त्या सकाळी शुद्ध पाणी सूक्ष्म सिरिंजने सेप्टममधून टोचून, सिरिंजचे आधीचे आणि नंतरचे वजन घेऊन ठरवलेला होता. तो ४.९० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आला होता. मिळालेले आकडे वजनाच्या चढत्या क्रमाने असे:

| वजन (मिग्रॅ) | रिएजंट (मिलि) | पाणी (%) |
|---|---|---|
| १०१.४ | ०.२०९ | १.०१ |
| २०३.८ | ०.३७३ | ०.९० |
| ३९८.६ | ०.६९४ | ०.८५ |
| ६०५.२ | १.०३० | ०.८३ |

शेवटच्या स्तंभाकडेच पाहत राहिलो तर मन गोंधळते, कारण तेथे चार वेगळी उत्तरे दिसतात आणि त्यांतील खरे कोणते ते कळत नाही. सरासरी काढणे तर सर्वात वाईट, कारण सरासरी कोणती वजने निवडली त्यावर अवलंबून राहील. त्याऐवजी पहिले दोन स्तंभ घ्यावेत आणि आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर रिएजंटचे आकारमान असा आलेख काढावा. आमचे चारही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत बसले. म्हणजे मोजमापात गोंधळ नव्हता. उलट ते फार शिस्तीत चुकत होते. ती रेषा मात्र शून्यातून जात नव्हती. वजन शून्य असताना ती उभ्या अक्षाला ०.०४२ मिलिलिटरवर छेदत होती. पात्रात काहीच टाकले नाही तरी ०.०४२ मिलिलिटर रिएजंट खर्च होईल, असे ती रेषा सांगत होती. फॅक्टरने गुणले तर हे सुमारे ०.२१ मिलिग्रॅम पाणी होते.

रेषेचा उतार ०.००१६३२ मिलिलिटर प्रति मिलिग्रॅम होता. त्याला ४.९० ने आणि १०० ने गुणले की ०.८० टक्के मिळतात. हे नमुन्यातील पाण्याचे खरे प्रमाण, कारण सर्व वजनांमध्ये सारखेच मिसळलेले आगंतुक पाणी उतारात शिरू शकत नाही, ते सारे छेदबिंदूत जाऊन बसते. हा आलेख मला यासाठीच मोलाचा वाटतो की एकाच चित्रात दोन वेगळे प्रश्न वेगळे होतात. छेदबिंदू शून्य नसेल तर बाहेरून येणारे पाणी शोधावे. छेदबिंदू शून्य असून उतार अपेक्षेहून वेगळा असेल तर फॅक्टर, द्रावक किंवा नमुन्याची रासायनिक वागणूक तपासावी. आमचा छेदबिंदू शून्य नव्हता, म्हणजे बाटली तूर्त बाजूला ठेवायला हरकत नव्हती.

आता हे ०.०४२ मिलिलिटर येते कुठून? त्याचे दोन उगम संभवतात आणि ते वेगळे करणे आवश्यक असते, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिला उगम म्हणजे ड्रिफ्ट. पात्र बंद असताना आणि आत काहीच टाकलेले नसताना, आत झिरपणारे पाणी खर्च करण्यासाठी उपकरणाला दर मिनिटाला जितके मायक्रोलिटर रिएजंट सोडावे लागते, तो आकडा पडद्यावर सतत दिसत असतो. आमच्याकडे तो मिनिटाला ८ मायक्रोलिटर होता. हा काही भयंकर आकडा नाही, बऱ्याच पद्धतींमध्ये मिनिटाला १० ते २० मायक्रोलिटरच्या आत ड्रिफ्ट स्थिर असेल तर काम सुरू करण्यास मुभा असते. पण त्याचा परिणाम वेळेशी गुणला जातो. आमचे एक टायट्रेशन सुमारे दोन मिनिटे चाले. म्हणजे ८ गुणिले २, एकूण १६ मायक्रोलिटर, ०.०१६ मिलिलिटर एवढे रिएजंट नमुन्याशी संबंध नसताना खर्च होत होते.

येथे सेटिंगमधील चूक सापडली आणि ती शोधायला अवघड नव्हती, फक्त कोणी पाहिले नव्हते. फॅक्टर ठरवण्याच्या मेथडमध्ये ड्रिफ्ट आपोआप वजा करण्याची सोय चालू होती. नमुन्याची मेथड मात्र दुसऱ्या उपकरणावरून नव्याने उतरवून घेताना तीच सोय बंद राहिली होती. अशा वेळी दोन्ही मेथडचे छापील पान शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी. पडद्यावर एकेक पान उलटत पाहिले तर अशी एखादी ओळ हमखास नजरेतून सुटते.

ड्रिफ्टचे ०.०१६ मिलिलिटर वजा केल्यावरही ०.०२६ मिलिलिटर उरतात. हा दुसरा उगम, नमुना आत टाकण्याच्या कृतीचा. तो मोजण्यासाठी आम्ही कोरी चाचणी केली. पात्र स्थिर झाल्यावर झाकण उघडले, नमुना तोलून ओतण्याची छोटी वेइंग बोट रिकामीच नेहमीप्रमाणे आत तिरकी धरली, नमुना ओतताना जितका वेळ जातो तितका वेळ ती तशीच ठेवली, तिला दोनदा टिचकी मारली, बाहेर काढून झाकण लावले आणि दोन मिनिटांचे टायट्रेशन होऊ दिले. तीन वेळा केले. आकडे ०.०४१, ०.०४४ आणि ०.०४० मिलिलिटर आले. सरासरी ०.०४२. आलेखाने नमुन्यांवरून जे सांगितले होते, तेच कोऱ्या चाचणीने नमुन्याशिवाय सांगितले. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की निदानाविषयी शंका उरत नाही.

झाकण उघडल्याने एवढे पाणी खरोखर शिरू शकते का, हा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला आणि तो रास्त होता. ०.०२६ मिलिलिटर म्हणजे सुमारे ०.१३ मिलिग्रॅम पाणी. पंचवीस अंश सेल्सिअसला आणि साठ टक्के सापेक्ष आर्द्रतेला एक लिटर हवेत सुमारे १४ मिलिग्रॅम पाणी असते. म्हणजे ०.१३ मिलिग्रॅमसाठी अवघी नऊ-दहा मिलिलिटर हवा पुरते. द्रावकाच्या वर पात्रात जी मोकळी जागा असते तिच्यापुढे हे आकारमान क्षुल्लक आहे. झाकण वीस सेकंद उघडे राहिले आणि खाली ढवळणी जोरात फिरत असली, तर एवढी हवा आत मिसळणे ही अगदी सहज घडणारी गोष्ट आहे. आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर गेली की तेवढीच हवा तिसऱ्या हिश्शाने अधिक पाणी घेऊन येते. ‘नवी बाटली लावल्यावर चार दिवस बरे गेले’ याचे उत्तर बहुधा येथे असावे. ते चार दिवस खोलीतील हवा कोरडी असावी. आमच्याकडे त्या दिवसांच्या आर्द्रतेची नोंद नाही, त्यामुळे हे सिद्ध करता येत नाही, परंतु तेव्हापासून आम्ही प्रत्येक कोऱ्या चाचणीसोबत खोलीतील आर्द्रता लिहून ठेवतो.

आता चारही आकड्यांतून ०.०४२ वजा करून पाहू. १०१.४ मिलिग्रॅमसाठी उरलेले आकारमान ०.१६७ मिलिलिटर, उत्तर ०.८१ टक्के. पुढच्या तिन्ही वजनांसाठी प्रत्येकी ०.८० टक्के. वजनाचा प्रभाव नाहीसा झाला. पहिल्या आकड्यातील किंचित फरकाबद्दल चिंता करू नये. ०.१६७ मिलिलिटरमध्ये दोन मायक्रोलिटरची चूक म्हणजे एक टक्क्याहून अधिक चूक, आणि दहा मिलिलिटरच्या ब्युरेटकडून याहून सूक्ष्म अपेक्षा ठेवणे योग्य नाही. एवढ्या कमी पाण्याच्या नमुन्यासाठी मुळात शंभर मिलिग्रॅम घेऊच नयेत. नमुन्यातून निदान पाच मिलिग्रॅम पाणी पात्रात जाईल असे वजन घ्यावे. ०.८ टक्के पाण्याच्या पावडरीसाठी ते सहाशे मिलिग्रॅमच्या पुढे येते. नमुना महाग किंवा थोडाच असेल तर सुमारे दोन मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर फॅक्टरचे सौम्य रिएजंट वापरावे, म्हणजे तेवढ्याच पाण्याला आकारमान अडीचपट लागेल आणि वाचन अधिक विश्वसनीय होईल.

मग रिएजंट मंदावल्याचा समज झाला कशामुळे? हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण तो समज निराधार नव्हता, त्यामागे एक मोजमाप होते. पडताळणी म्हणून सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट मोजण्याची आमची पद्धत आहे. या स्फटिकात पाणी १५.६६ टक्के असते, हे त्याच्या सूत्रावरूनच ठरते: २३०.०८ रेणुभाराच्या पदार्थात पाण्याचे दोन रेणू, म्हणजे ३६.०३. पडताळणी नमुन्याच्या मेथडनेच होत असे, म्हणजे ड्रिफ्टची वजावट बंद असतानाच. ६१.२ मिलिग्रॅम टार्ट्रेटला २.०१३ मिलिलिटर रिएजंट लागले आणि उत्तर १६.१२ टक्के आले. ते जास्त आले म्हणून उलटा हिशोब केला गेला: ९.५८४ मिलिग्रॅम पाण्याला २.०१३ मिलिलिटर लागले, तर फॅक्टर ४.७६. सकाळी ४.९० होता. सुमारे तीन टक्के घसरला. म्हणून बाटली बदला.

हा तर्क ऐकायला बिनचूक वाटतो आणि तरीही तो चुकीचा होता. टार्ट्रेट मेथॅनॉलमध्ये हळू विरघळते. त्याचे टायट्रेशन दोन नव्हे, चार मिनिटे चालते. त्या चार मिनिटांत ड्रिफ्टचे ०.०३२ मिलिलिटर आणि झाकण उघडल्याचे ०.०२६ मिलिलिटर, एकूण ०.०५८ मिलिलिटर आगंतुक खर्च झाला. २.०१३ मधून ०.०५८ वजा केले की १.९५५ मिलिलिटर उरतात आणि फॅक्टर ४.९० येतो, सकाळी होता तोच. रिएजंटला काहीच झालेले नव्हते. हेच १५२.६ मिलिग्रॅम टार्ट्रेट घेऊन पाहिले तेव्हा ४.९३६ मिलिलिटर लागले. वजावट न करता फॅक्टर ४.८४ आणि वजावट केल्यावर पुन्हा ४.९०. म्हणजे वजावटीशिवाय फॅक्टरसुद्धा टार्ट्रेटच्या वजनाबरोबर बदलत होता. रिएजंट खरेच मंदावले असते तर साठ मिलिग्रॅमने आणि दीडशे मिलिग्रॅमने एकच घसरलेला फॅक्टर मिळायला हवा होता. केवळ दुसरे एक वजन घेतले असते तर तीन बाटल्या वाचल्या असत्या.

यातून आणखी एक गोष्ट निघते. कोणी असा वजावटीविना काढलेला ४.७६ हा फॅक्टरच नमुन्याला लावला असता, तर ६०५.२ मिलिग्रॅमचे उत्तर ०.८३ ऐवजी ०.८१ टक्के आले असते, म्हणजे खऱ्या ०.८० च्या अगदी जवळ. एका चुकीने दुसरी झाकली असती आणि सारे ठीक आहे असे वाटले असते. पण शंभर मिलिग्रॅमच्या नमुन्यावर तोच फॅक्टर ०.९८ टक्के दाखवत राहिला असता. म्हणूनच फॅक्टर आणि नमुना दोन्हींसाठी वजावटीचा नियम एकच असावा, आणि एकच फॅक्टर जुळला म्हणजे मोजमाप बरोबर आहे असे समजू नये.

उपाय काय केले ते आता थोडक्यात. नमुन्याच्या मेथडमध्ये ड्रिफ्टची वजावट चालू केली. त्यानंतर ड्रिफ्ट मुळात ८ का आहे ते पाहिले. सेप्टम बाहेर काढून प्रकाशासमोर धरले तर सुईची इतकी भोके एकाच ठिकाणी पडलेली होती की मध्यभाग चाळणीसारखा दिसत होता. ते बदलले. वायू बाहेर जाण्याच्या नळीवरील शोषकनलिकेत मॉलिक्युलर सिव्ह होता आणि तो शेवटचा कधी भरला याची नोंद नव्हती. सिलिका जेलचा रंग बदलतो तसे मॉलिक्युलर सिव्हचे होत नाही, तो संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नलिकेवर भरल्याची तारीख लिहिण्यावाचून मार्ग नसतो. ताजा सिव्ह भरला. या दोन गोष्टींनंतर ड्रिफ्ट मिनिटाला ३ मायक्रोलिटरवर स्थिरावला. झाकणाचा प्रश्न मात्र हाताच्या सवयीचा होता. बोट आधीच तिरकी करून तयार ठेवायची, झाकण उघडताच ओतायचे, पावडर भिंतीला चिकटू न देता थेट द्रावकात पाडायची आणि लगेच बंद करायचे, असे केल्यावर झाकण उघडे राहण्याचा वेळ वीस सेकंदांवरून पाच-सहा सेकंदांवर आला. ड्रिफ्ट वजा करून उरणारी कोरी चाचणी ०.०२६ वरून ०.०१० मिलिलिटरच्या आसपास आली. ती शून्य होत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. ती लहान आणि रोज सारखी असावी, एवढे पुरते. बोटीचे वजन नमुना ओतल्यानंतर पुन्हा घ्यायचे आणि फरकच W म्हणून वापरायचा, कारण बोटीला चिकटून परत आलेली पावडर टायट्रेशनमध्ये सामील झालेली नसते.

येथवर छेदबिंदूचा विचार झाला. आलेख शून्यातून जातो पण पाण्याचे प्रमाण इतर पुराव्यांशी जुळत नाही, अशी स्थिती असेल तर दोष उतारात असतो आणि वाट वेगळी होते. अशा वेळी फॅक्टर पुन्हा ठरवणे योग्यच आहे. रिएजंटच्या बाटलीत हवेतून पाणी शिरले तर फॅक्टर खरोखर घटतो. तापमान बदलले तरी तो थोडा बदलतो, कारण सेंद्रिय द्रव तापले की प्रसरण पावतात आणि एक अंशामागे सुमारे ०.१ टक्का फरक पडतो. सकाळी वीस अंशांना ठरवलेला फॅक्टर दुपारी अट्ठावीस अंशांना वापरला तर पाऊण टक्क्याच्या आसपास चूक होऊ शकते. द्रावकाचाही प्रश्न असतो. नमुना विरघळावा म्हणून मेथॅनॉलमध्ये क्लोरोफॉर्म किंवा फॉर्मामाइड मिसळले जाते. मेथॅनॉलचा वाटा फार कमी झाला तर आयोडीन आणि पाणी यांचे एकास एक हे प्रमाण टिकत नाही आणि फॅक्टरचा पायाच हलतो. मी मेथॅनॉल एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ देत नाही आणि फॅक्टर नमुन्यासाठी वापरायच्या त्याच मिश्रणात ठरवतो.

एका बाबतीत मात्र हा आलेख आंधळा असतो, आणि ते सांगितल्याशिवाय ही पद्धत कोणाला सुचवणे योग्य होणार नाही. नमुन्यातील पदार्थच आयोडीन खात असेल तर खर्च होणारे रिएजंट वजनाच्या प्रमाणातच वाढते. रेषा सरळ येते, शून्यातून जाते, सर्व वजनांवर उत्तर एकच मिळते आणि तरीही ते चुकीचे असते. ॲस्कॉर्बिक आम्ल हे याचे स्वच्छ उदाहरण आहे. त्याचा एक रेणू आयोडीनचा एक रेणू खर्च करतो, म्हणजे एका पाण्याच्या रेणूइतकाच. त्याचा रेणुभार १७६.१२ आणि पाण्याचा १८.०२, त्यामुळे पूर्ण कोरडे, शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लसुद्धा १०.२ टक्के पाणी असल्याचे भासवू शकते. अशा नमुन्यातील पाणी बंद भट्टीत तापवून कोरड्या वायूच्या प्रवाहाबरोबर पात्रात आणावे, म्हणजे पदार्थ स्वतः आयोडीनपर्यंत पोहोचत नाही. अर्थात तो पदार्थ त्या तापमानाला विघटन होऊन स्वतः पाणी सोडणारा नसावा.

कीटोनवर्गीय पदार्थांचे वागणे वेगळे असते. ते मेथॅनॉलशी संयोग पावतात आणि त्या क्रियेत नवे पाणी तयार होते. ते हळूहळू तयार होत राहिल्याने अंत्यबिंदू टिकत नाही, विभव पुन्हा पुन्हा वर जाते. हे ओळखण्यासाठी टायट्रेशन संपल्यावर लगेच उपकरण सोडून जाऊ नये आणि ड्रिफ्टचा आकडा पाच मिनिटे पाहत राहावा. सुरुवातीला ३ असलेला ड्रिफ्ट नमुन्यानंतर १५ वर राहिला आणि तेथेच टिकून राहिला, तर पाणी निर्माण करणारी किंवा आयोडीन खाणारी सहक्रिया चालू आहे असे समजावे आणि मेथॅनॉलविरहित रिएजंट व द्रावकाकडे वळावे. तो १५ वरून १०, ७, ४ असा उतरत मूळ जागी आला, तर सहक्रिया नाही, नमुना फक्त हळू विरघळतो आहे किंवा कणांच्या आतील पाणी हळू बाहेर येते आहे. मग अधिक बारीक वाटून किंवा फॉर्मामाइड घालून मार्ग निघतो. यांपैकी दुसऱ्या प्रकारात टायट्रेशन लवकर थांबवले तर उत्तर कमी येते, आणि लांबवले तर ड्रिफ्टची वजावट अधिकच महत्त्वाची होते, कारण दहा मिनिटांच्या टायट्रेशनमध्ये मिनिटाला ३ मायक्रोलिटरचा साधा ड्रिफ्टसुद्धा ०.०३० मिलिलिटर होतो.

आता आमच्याकडे प्रत्येक नव्या नमुन्याच्या पहिल्या दिवशी तीन वजने आणि दोन कोऱ्या चाचण्या घेतल्या जातात आणि नोंदवहीत टक्केवारीच्या शेजारी वजन, आकारमान, टायट्रेशनचा वेळ, आधीचा ड्रिफ्ट आणि नंतरचा ड्रिफ्ट असे पाच आकडे लिहिले जातात. टार्ट्रेटची पडताळणीही दोन वजनांनी होते. गेल्या वेळी ६० आणि १५० मिलिग्रॅमच्या आसपासच्या दोन वजनांवर, वजावट करून, पाणी १५.६४ आणि १५.६७ टक्के आले आणि बाटली तीच होती.